आंब्याच्या पानांतील डी. एन. ए.

(नभोवाणीवरील भाषण)

कोंकणांत बाग असलेले माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. चार वर्षांपूर्वीं त्यांनीं हापूसचीं म्हणून दोनशें कलमें विकत घेतलीं आणि एका डोंगरउतारावर लावलीं. झाडें जोमानें वाढलीं. पण त्यांतल्या कांहींची ठेवण शेजारच्या जुन्या हापूसहून निराळी आहे, असा संशय त्यांच्या मनांत शिरला. फळ धरेपर्यंत थांबावें, तर आणखी कांहीं वर्षांची मेहनत आणि खत-पाणी पणास लागणार. आणि झाडें तोडावीं, तर तीं खरींच हापूसचीं निघालीं म्हणजे काय? अशा पेंचांत सांपडून ते एके दिवशीं बारा झाडांचीं पानें घेऊन माझ्याकडे आले. "पानावरून जात सांगतां येते म्हणतात, तेवढें पाहून द्या," एवढीच त्यांची मागणी होती.

जात सांगतां येते हें खरें. कलमाची डहाळी ज्या झाडावरून घेतली, त्या झाडाचाच डी. एन. ए. तिच्या प्रत्येक पानांत असतो. म्हणून संशयित पानांतला डी. एन. ए. आणि खात्रीच्या हापूसच्या पानांतला डी. एन. ए. यांची तुलना केली कीं उत्तर मिळतें. पान मात्र कलमाच्या सांध्याच्या वरच्या भागाचें हवें. खालीं फुटलेल्या धुमाऱ्याचें पान घेतलें, तर तें ज्या कोयीवर कलम बांधलें त्या रायवळ आंब्याची जात सांगेल. पण पानांतून डी. एन. ए. बाहेर काढणें आणि तो खरोखर शुद्ध आहे कीं नाहीं हें ओळखणें, हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. आणि आंब्याच्या पानाच्या बाबतींत तर तें चांगलेंच अवघड आहे. त्या अवघडपणाचीच हकीकत मी आज सांगणार आहें.

आपल्या स्वयंपाकघरांत वांगें चिरलें कीं गृहिणी तें ताबडतोब पाण्यांत टाकते. तसें न केलें तर फोडी काळ्या पडतात. याचें कारण असें कीं वनस्पतीच्या पेशींत टॅनिनासारखे पॉलिफिनॉल वर्गांतले पदार्थ एका कप्प्यांत सांठविलेले असतात आणि त्यांचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग घडवून आणणारें एन्झाइम दुसऱ्या कप्प्यांत असतें. पेशी शाबूत आहे तोंवर या दोघांची गांठ पडत नाहीं. सुरी लागली कीं भिंती फुटतात, दोन्ही एकत्र येतात, आणि पॉलिफिनॉलांपासून क्विनोन नांवाचीं अत्यंत चळवळीं द्रव्यें तयार होतात. हीं द्रव्यें प्रथिनांना आणि डी. एन. ए. ला कायमचीं चिकटतात. तपकिरी रंग येतो तो त्यांचाच. आंब्याच्या पानांत अशा द्रव्यांचा सांठा विपुल असतो. टॅनिन तर आहेतच. शिवाय मँजिफेरिन हा आंब्याच्याच नांवावरून ओळखला जाणारा पिंवळा पदार्थ आहे.

दुसरा शत्रु म्हणजे पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब सांखळ्या. भेंडीचा बुळबुळीतपणा किंवा भाताच्या पेजेचा दाटपणा हीं यांचीं घरगुती रूपें. डी. एन. ए. देखील लांब सांखळीचाच रेणु असल्यामुळें हे दोघे वागणुकींत पुष्कळसे सारखे आहेत. दोघेहि पाण्यांत विरघळतात आणि दोघेहि अल्कोहोल घातलें कीं खालीं बसतात. म्हणून एकाला वर काढावयास जावें तर दुसरा आपोआप सोबत येतो.

आतां कृति सांगतों. वनस्पतीच्या पानांसाठीं जी पद्धति जगभर रूढ आहे, तिला सी-टॅब पद्धति म्हणतात. मरे आणि टॉम्पसन यांनीं ती १९८० मध्यें वनस्पतींकरितां मांडली आणि डॉइल व डॉइल यांनीं १९८७ मध्यें ताज्या पानाच्या लहानशा तुकड्यास पुरेल अशी सुटसुटीत केली. सी-टॅब हा एक प्रकारचा साबणच आहे. मात्र नेहमींच्या साबणाच्या रेणूवर ऋण विद्युद्भार असतो, याच्या रेणूवर धन. डी. एन. ए. वर ऋण भार असल्यामुळें साध्या पाण्यांत सी-टॅब त्याला पकडून खालीं ओढील. पण पाण्यांत मीठ भरपूर असलें, तर तें या दोघांमधलें आकर्षण झांकून टाकतें, डी. एन. ए. मोकळा राहतो, आणि सी-टॅब प्रथिनांना व अनेक पॉलिसॅकराइडांना मात्र धरून ठेवतो. या द्रावणांत लिटरमागें सुमारें ८२ ग्रॅम मीठ असतें, म्हणजे तें समुद्राच्या पाण्याच्या दुपटीहून अधिक खारट असतें. सगळी युक्ति या मिठांत आहे. तें कमी पडलें, तर डी. एन. ए. हि गाळाबरोबर जातो आणि हातीं कांहीं लागत नाहीं.

द्रावणांत शेंकडा २ भाग सी-टॅब, ८ पी. एच. चें ट्रिस, आणि थोडें ई. डी. टी. ए. असतें. हें शेवटचें द्रव्य मॅग्नेशियम अडवून ठेवतें, त्यामुळें डी. एन. ए. चे तुकडे पाडणारीं पेशींतलीं एन्झाइमें निकामी होतात. आंब्यासाठीं आणखी दोन द्रव्यें अत्यावश्यक. पहिलें पॉलिव्हिनाइलपायरॉलिडोन, एवढें लांबलचक नांव घेण्याऐवजीं सारे त्याला पी. व्ही. पी. म्हणतात. तें पॉलिफिनॉलांना आपल्या अंगाशीं धरून ठेवतें. शेंकडा २ भाग तें घालावें. दुसरें मर्कॅप्टोएथेनॉल, हें ऑक्सिडीकरण होऊं देत नाहीं, म्हणजे वांग्याच्या फोडी काळ्या पडूं देत नाहीं, म्हणाना. त्याचा वास इतका उग्र आणि तें इतकें विषारी, कीं धूर ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर त्याची बाटली उघडूंच नये. तें द्रावणांत आयत्या वेळीं मिसळावें. आठवडाभर आधीं मिसळून ठेवलेलें निरुपयोगी होतें.

पान कोंवळें, नुकतेंच हिरवें झालेलें घ्यावें. जून पानांत तंतु आणि पिठूळ द्रव्यें फार. आणि पालवी अगदीं तांबूस असतांना रंगद्रव्यें फार. सुमारें १०० मिलिग्रॅम पान, म्हणजे पोस्टाच्या तिकिटापेक्षां थोडा मोठा तुकडा, द्रव नायट्रोजन ओतलेल्या खलांत घोटावा. नायट्रोजनाचें उष्णमान शून्याखालीं १९६ अंश असल्यानें पान कांचेसारखें ठिसूळ होतें आणि पिठासारखी पूड होते. या थंडींत एन्झाइमें झोंपलेलीं असतात. पूड वितळूं न देतां ६५ अंशांपर्यंत तापविलेल्या द्रावणांत टाकावी आणि तासभर त्याच उष्णमानांत, मधून मधून हलवीत ठेवावी. पूड खलांतच वितळली, कीं तुमचा डी. एन. ए. तेथेंच तपकिरी होऊं लागला असें समजावें.

नंतर तितक्याच मापाचें क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल यांचें २४ : १ मिश्रण घालून नळी सावकाश उलटसुलट करावी आणि सेंट्रिफ्यूजमध्यें फिरवावी. तीन थर दिसतात. तळाशीं हिरवागर्द क्लोरोफॉर्म, मध्यें प्रथिनें व इतर गाळ यांची पांढरट सायीसारखी पापडी, आणि वर पाण्याचा थर. डी. एन. ए. या वरच्या थरांत असतो. तो काढून घेतांना लोभ आवरावा लागतो. शेवटचा थेंब घेण्याच्या नादांत पापडीचा कण आला, तर सगळें मुसळ केरांत. वरच्या थरांत सुमारें दोन-तृतीयांश माप आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलें, कीं डी. एन. ए. बारीक शेवयांसारखा धाग्याधाग्यांनीं दिसूं लागतो. तो खालीं बसवून शेंकडा ७० च्या अल्कोहोलनें धुवावा, वाळवावा आणि थोड्याशा ट्रिस-ई. डी. टी. ए. द्रावणांत विरघळवावा. सोबत आलेला आर. एन. ए. नष्ट करण्यासाठीं त्यांत आर. एन. एज. हें एन्झाइम घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवावें.

आतां माझ्या हातून जें घडलें तें सांगतों. गृहस्थांनीं आणलेल्या पानांवर मीं पहिला प्रयत्न घाईनें केला. पी. व्ही. पी. संपलें होतें, आणि एका खेपेस त्याच्यावांचून भागेल असें वाटलें. नळीच्या तळाशीं जें जमलें तें पांढरें नव्हतें, फिकट तपकिरी होतें. तें १०० मायक्रोलिटर द्रावणांत विरघळवून दहापट पातळ केलें आणि प्रकाश-शोषण मोजणाऱ्या यंत्रांत, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्यें, ठेवलें.

हें यंत्र काय करतें? तें निरनिराळ्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश द्रावणांतून सोडून किती शोषला गेला तें सांगतें. डी. एन. ए. २६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत अधिक शोषतो; प्रथिनें २८० च्या आसपास; आणि २३० ला पॉलिफिनॉल, शिल्लक राहिलेलीं कांहीं रसायनें आणि थोड्या प्रमाणांत पॉलिसॅकराइडें. ३२० ला शुद्ध डी. एन. ए. कांहींच शोषीत नाहीं, म्हणून तेथें अंक दिसला तर द्रावण गढूळ आहे किंवा त्यांत भलतें कांहीं रंगीत आहे असें समजतात. २६० चा अंक २८० च्या अंकानें भागला असतां शुद्ध डी. एन. ए. ला सुमारें १.८ मिळतात, आणि २३० च्या अंकानें भागला असतां २ ते २.२.

माझे अंक असे आले : २३० ला ०.५८, २६० ला ०.४६, २८० ला ०.३०, ३२० ला ०.०६. हे ०.०६ सर्वांतून वजा केले कीं अनुक्रमें ०.५२, ०.४० आणि ०.२४ उरतात. पहिलें गुणोत्तर ०.४० भागिलें ०.२४, म्हणजे १.६७, दुसरें ०.४० भागिलें ०.५२, म्हणजे ०.७७. पहिल्यावरून थोडा संशय आला असता, पण दुसऱ्यानें तर सरळ चोर पकडून दिला. शोषण १ असतां मिलिलिटरमागें ५० मायक्रोग्रॅम डी. एन. ए. असतो, या नियमानें मूळ द्रावणांत ०.४० गुणिलें ५० गुणिलें १०, म्हणजे मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम हवे होते. पण हा आंकडा फुगलेला होता. मँजिफेरिन स्वतःच २५८ नॅनोमीटरजवळ, म्हणजे जवळजवळ डी. एन. ए. च्याच जागीं, प्रकाश शोषतें. यंत्राला दोघांतला भेद कळत नाहीं. तपकिरी झालेला डी. एन. ए. धुवून पांढरा होत नाहीं, कारण क्विनोन त्याला कायमचे चिकटलेले असतात. तो टाकून देऊन पुन्हां पानापासून सुरुवात करणें एवढाच उपाय. मी तेंच केलें.

दुसऱ्या खेपेस पी. व्ही. पी. घातलें, आणि सी-टॅब घालण्यापूर्वीं पानाची पूड थंड सॉर्बिटॉलच्या द्रावणानें दोनदां धुवून घेतली. सॉर्बिटॉलांत पेशीचें केंद्रक फुटत नाहीं, म्हणून डी. एन. ए. पुडींतच राहतो आणि बाहेर सांडलेला चिकटा व पॉलिफिनॉल यांचा पुष्कळसा भाग वाहून जातो. या वेळीं तळाशीं पांढरें दिसलें. गुणोत्तरें १.८ आणि १.९. मी खूष झालों.

येथें क्षणभर थांबून हें १.८ आलें कोठून तें सांगतों, कारण पुढची चूक समजण्यास त्याचा उपयोग आहे. वार्बुर्ग आणि क्रिश्चन या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९४२ च्या सुमारास यीस्टमधून एनोलेझ नांवाचें एन्झाइम शुद्ध करतांना २८० आणि २६० च्या गुणोत्तराचा उपयोग केला. त्यांना प्रथिन हवें होतें, आणि त्यांत न्यूक्लिइक आम्ल किती मिसळलें आहे तें पाहावयाचें होतें. आज आपण तीच फुटपट्टी उलटी धरतों. उलट धरल्यानें ती बोथट होते. मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम शुद्ध डी. एन. ए. असला तर २६० ला १.०० आणि २८० ला ०.५५ येतात, गुणोत्तर १.८२. आतां त्यांत तितक्याच वजनाचें प्रथिन मिसळा. प्रथिन वजनाच्या मानानें फारच थोडा प्रकाश शोषतें; २८० ला ०.०५ आणि २६० ला ०.०३ वाढले असें धरूं. गुणोत्तर १.०३ भागिलें ०.६० म्हणजे १.७२. निम्मा माल भेसळीचा, आणि अंक उतरला तो एक-दशांशानें! शिवाय, पाणी थोडें आम्ल असलें तरी हेंच गुणोत्तर दोन-तीन दशांशांनीं उतरतें. म्हणून कोरें माप ज्या द्रावणावर घेतलें, नमुनाहि त्याच द्रावणांत हवा. आणि आर. एन. ए. उरला असेल तर अंक उलट वर, २ कडे चढतो. तेव्हां १.८ हा अंक दोन विरुद्ध दोषांनीं एकमेकांना झांकल्यामुळेंहि येऊं शकतो.

तरी हे सारे दोष यंत्राला निदान दिसतात तरी. पॉलिसॅकराइडाला २६० किंवा २८० ला शोषण जवळजवळ नाहींच, आणि २३० ला तें अगदीं थोडें. तें द्रावणांत असूनहि यंत्राच्या दृष्टीस पडत नाहीं.

पुढें काय झालें पाहा. जात ओळखण्यासाठीं डी. एन. ए. मधील एखादी ठराविक जागा पी. सी. आर. या क्रियेनें लाखों पटींनीं वाढवून तिची लांबी मोजतात. प्रत्येक झाडास ती जागा दोन पालकांकडून दोनदां मिळालेली असते. आम्हीं निवडलेल्या जागीं खात्रीच्या हापूसमध्यें एक तुकडा आंखूड आणि एक लांब असे दोन दिसत होते. गृहस्थांच्या बारांपैकीं सात झाडांत मात्र फक्त आंखूड तुकडाच दिसला. गुणोत्तरें उत्तम होतीं, पट्टी स्वच्छ होती. निकाल सरळ वाटला : हीं सात झाडें हापूस नव्हत. मीं त्यांना तसें कळविण्यासाठीं पत्राचा मसुदाहि करून ठेवला होता.

पत्र धाडलें नाहीं, तें एका क्षुल्लक गोष्टीमुळें. त्या सात नळ्यांतलें द्रावण मापकाच्या टोंकाशीं लोंबत होतें, पेजेच्या थेंबासारखें. आणि जेलीच्या लादीवर विजेच्या प्रवाहांत सोडलें असतां त्यांतला बराच डी. एन. ए. खांचेंतच अडकून बसत होता. शुद्ध डी. एन. ए. थोडा दाट असतो हें खरें, पण असा नव्हे. हा चिकटा पी. सी. आर. च्या एन्झाइमाला अडथळा करतो. अडथळा असतांना आंखूड तुकडा तरी कसाबसा तयार होतो, लांब तुकडा मागें पडतो आणि दिसतच नाहीं. म्हणजे हापूसच रायवळ असल्यासारखा दिसूं शकतो.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. त्याच द्रावणाचे दहापट आणि पन्नासपट पातळ केलेले नमुने पुन्हां पी. सी. आर. ला लावावे. डी. एन. ए. कमी झाल्यानें वाढ कमी व्हावयास हवी. पण चिकटाहि तितकाच पातळ होत असल्यामुळें, दोष त्याचा असेल तर निकाल उलट सुधारतो. माझ्या सातांपैकीं पांच नळ्यांत दहापट पातळ करतांच लांब तुकडा अंधुकसा दिसूं लागला.

मग चिकटा काढला. यासाठीं पुन्हां मिठाचाच उपयोग. द्रावणाच्या निम्म्या मापाचें, लिटरमागें २९२ ग्रॅम मिठाचें अत्यंत खारट पाणी त्यांत मिसळावें आणि नंतर एकूण मापाच्या दुप्पट थंड अल्कोहोल घालावें. इतकें मीठ असतांना डी. एन. ए. नेहमींप्रमाणें खालीं बसतो, पण पॉलिसॅकराइडें बहुतांशीं विरघळलेलीं राहून वरच्या पाण्याबरोबर निघून जातात. फांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९२ मध्यें ही रीत प्रसिद्ध केली. नंतर शेंकडा ७० च्या अल्कोहोलनें दोनदां धुवावें, नाहींतर उरलेलें मीठच पुढच्या क्रियेंत नवा अडथळा होऊन बसतें. थोडा डी. एन. ए. या क्रियेंत गमवावा लागतो. एका नळींत दहापट पातळ केल्यावर २३० ला ०.१४, २६० ला ०.२९, २८० ला ०.१६ असे अंक आले, गुणोत्तरें २.०७ आणि १.८१. म्हणजे आधींच्या १.९ आणि १.८ पेक्षां फारसा फरक नाहीं! फरक होता तो थेंबांत. आतां तो टोंकावरून पाण्यासारखा सुटत होता.

बारांहि नमुने या रीतीनें पुन्हां स्वच्छ करून, खात्रीच्या हापूसचे दोन नमुने सोबत ठेवून, पी. सी. आर. पुन्हां केला, आणि एका जागेवर विसंबून न राहतां आणखी आठ जागा तपासल्या. पूर्वीं नापास ठरलेल्या सातांपैकीं सहा झाडांत लांब तुकडा स्पष्ट दिसला आणि त्यांच्या सर्व जागा हापूसशीं जुळल्या. सातवें झाड मात्र, पातळ करूनहि आणि स्वच्छ करूनहि, चार ठिकाणीं वेगळें निघालें. तें कोंवळें पान सांध्याच्या खालचें तर नव्हे ना, म्हणून गृहस्थांस त्या झाडाचें दुसरें पान, डहाळी दिसेल असें, पाठविण्यास कळविलें आहे. मसुदा केलेलें तें पत्र मीं फाडून टाकलें.